अंधाऱ्या सभागृहात, फ्लॅशशिवाय, प्रेक्षकांतून: कथकचे फोटो समेवर कसे पकडायचे

नाशिकच्या कालिदास कलामंदिरातला किंवा कुसुमाग्रज स्मारकातला कार्यक्रम संपला की रात्री फोटो फिरू लागतात. तेच तीन दोष त्यांत पुन्हा पुन्हा दिसतात. पडदा काळ्याऐवजी राखाडी आणि चेहरा पांढरा फटक. पाठीमागची कमान धारदार आणि हात नुसते धुरासारखे. नाहीतर सगळं नीट, पण नर्तिका पोझ घेण्याच्या आधी किंवा मोडल्यानंतर टिपलेली. पहिले दोन दोष कॅमेऱ्याच्या बटणांनी सुटतात. तिसरा कानांनी सुटतो, आणि त्याच्याकडेच लोक सगळ्यात कमी लक्ष देतात.

या लेखात एकच प्रसंग घेतला आहे: एकल कथक, सहावी-सातवी रांग, साधा क्रॉप सेन्सरचा कॅमेरा आणि ८५ एमएम एफ १.८ लेन्स. हे जमलं की भरतनाट्यम किंवा नाटकासाठी फक्त वेळेचा हिशेब बदलावा लागतो.

## टप्पा १: परवानगी आणि रंगीत तालीम

आयोजकांना आदल्या दिवशीच विचारा. "फोटो काढले तर चालतील ना?" एवढं मोघम विचारू नका. कुठे बसणार, फ्लॅश वापरणार नाही, उठणार नाही, फोटो कुणाला देणार, हे सगळं सांगा. गुरूंना वेगळं विचारा. क्लासच्या कार्यक्रमात शेवटचा शब्द ताईंचा असतो, आयोजकांचा नाही.

मग दुसरी विनंती करा: रंगीत तालमीला येऊ द्या. बहुतेक जण ही संधी सोडतात. प्रकाशयोजना तीच असते, खुर्च्या रिकाम्या असतात, आणि तुम्ही तीन वेगवेगळ्या जागांवर बसून पाहू शकता. तालमीत पोशाख साधा असेल, तर फोटो कमी काढा आणि एक यादी करा: कुठल्या रचनेला कोणता प्रकाश आहे, निळा किंवा लाल कधी येतो, नर्तिका समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, मंचावर नेमकी कुठे थांबते. या कागदाच्या तुकड्याने मला लेन्स बदलण्यापेक्षा जास्त फायदा झाला आहे.

## टप्पा २: जागा निवडणे

पहिल्या दोन रांगा पाहुण्यांसाठी राखीव असतात याचं वाईट वाटून घेऊ नका. तिथून कॅमेरा मंचाच्या पातळीखाली जातो, मंचाची कड पावलं कापते आणि हनुवटीखालून फोटो निघतो. प्रेक्षागृहाचा उतार वर चढत जातो, त्यामुळे पाचव्या ते आठव्या रांगेच्या आसपास तुमचा डोळा नर्तिकेच्या कमरेच्या किंवा छातीच्या पातळीला येतो. तिथे बसा. बाल्कनीतून तत्कार, म्हणजे पायांचं काम, छान दिसतं, पण चेहरा वरून दिसतो आणि अभिनय हातचा जातो.

जाण्यायेण्याच्या वाटेलगतची खुर्ची घ्या. एका बाजूला तरी कुणाचं डोकं नसतं आणि कोपर पसरता येतं.

डावीकडे बसायचं की उजवीकडे, हे तबला-हार्मोनियम कुठे मांडलं आहे त्यावरून ठरवा. नर्तिका जुगलबंदीत आणि तिहाईच्या, म्हणजे तीनदा येणाऱ्या बोलांच्या, आधी साथीदारांकडे पाहते. तुम्ही साथीदारांच्याच बाजूला बसलात, तर त्या क्षणी तिचा चेहरा तुमच्याकडे वळतो. त्यांच्या विरुद्ध बाजूला बसलात, तर नर्तिका पुढे आणि तबलजी मागे अशी एकाच चौकटीत दोघांची नजरानजर मिळते. दोन्ही एकाच संध्याकाळी मिळत नाही, म्हणून आधीच निवडा. पढंतचा, म्हणजे बोल तोंडाने म्हणण्याचा, माइक स्टँड तुमच्या आणि मंचाच्या मध्याच्या आड येतो का, तेही इथेच बघून घ्या. कार्यक्रम सुरू झाल्यावर तो हलत नाही आणि तुम्हीही हलू नये.

तपासणी: अंतराचा अंदाज घ्या. दोन रांगांत साधारण एक मीटर धरा, त्यात पहिल्या रांगेपासून मंचापर्यंतची मोकळी जागा आणि नर्तिका मंचावर जितकी आत उभी राहते तेवढं अंतर मिळवा. सहाव्या रांगेतून हे बहुधा दहा मीटरच्या आसपास येतं. क्रॉप सेन्सरवर ८५ एमएम लेन्स दहा मीटरवरून, कॅमेरा उभा धरून, सुमारे पावणेतीन मीटर उंची घेते. वर उचललेल्या हातांसकट पूर्ण नर्तिका त्यात बसते आणि पावलांखाली थोडा मंचही उरतो. आडवा धरलात तर उंची फक्त एक मीटर ऐंशीच्या आसपास मिळते, म्हणजे हात किंवा घुंगरू यांपैकी काहीतरी कापलं जाणार.

## टप्पा ३: घरी करायची तयारी

ही तयारी सभागृहात करू नका. अंधारात मेनू उघडला की पडद्याचा उजेड शेजाऱ्याच्या तोंडावर पडतो.

सगळ्यात आधी फोकसला मदत करणारा दिवा बंद करा. फ्लॅश बंद केला म्हणजे काम झालं असं समजणाऱ्यांचा हाच दिवा घात करतो. फोकस लागत नसला की कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूने नारिंगी, लाल किंवा हिरवा झोत निघतो आणि तो थेट नर्तिकेच्या डोळ्यांवर जातो. दहा मीटरवर त्याचा उपयोगही जवळपास नसतो. मेनूत तो सापडला नाही, तर वायरमनची काळी पट्टी चिकटवा.

फ्लॅशचंही इथेच मिटवून टाकू. कॅमेऱ्यातला छोटा फ्लॅश साध्या आयएसओवर चार-पाच मीटरपुढे फारसा पोहोचत नाही. तो उजळतो ती पुढच्या रांगेतली डोकी. म्हणजे नियम मोडून मिळतं काय, तर अनोळखी माणसाच्या टकलाचा फोटो.

मग बीप, फोटो काढल्यावर पडद्यावर आपोआप उमटणारं चित्र आणि मागचा पडदा बंद करा. सगळं इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमधून बघायचं. फाइलचा प्रकार रॉ ठेवा. मीटरिंग स्पॉटवर ठेवा.

आता खरा सराव. रात्री घरात एकच दिवा ठेवा, घरातल्या कुणाला तरी हळू फिरायला सांगा आणि कॅमेऱ्याकडे न पाहता शटर आणि आयएसओ बदलायला शिका. डायल किती खटके फिरवला की शटर दुप्पट होतं, हे बोटांना माहीत असलं पाहिजे. बहुतेक कॅमेऱ्यांत एका खटक्याला एकतृतीयांश फरक पडतो, म्हणजे तीन खटक्यांना प्रकाश अर्धा किंवा दुप्पट होतो. मंचावर मोजायचं ते एवढंच.

सावधान: सलग फोटो घेताना कॅमेरा किती फ्रेमनंतर अडकतो, तेही घरीच मोजा. रॉ फाइल घेताना साधे कॅमेरे थोड्याच फ्रेममध्ये थकतात आणि नेमका समेला शटर दाबलं जात नाही.

## टप्पा ४: वंदनेतच प्रकाश पक्का करणे

कॅमेरा ऑटोवर असला की तो सगळ्या चौकटीची सरासरी काढतो. चौकटीत नव्वद टक्के काळा पडदा आणि मधे उजळलेली एक व्यक्ती असते. कॅमेऱ्याला वाटतं की दृश्य अंधारं आहे, म्हणून तो सगळं उजळवतो. पडदा राखाडी होतो, चेहऱ्याचा रंग जातो. म्हणून डायल M वर ठेवा आणि प्रकाश चेहऱ्यावरून ठरवा.

सुरुवात अशी करा: छिद्र एफ २, शटर १/३२०, आयएसओ १६००. वंदनेत दोन-तीन फ्रेम घ्या आणि व्ह्यूफाइंडरमध्ये चेहरा मोठा करून पाहा. अतिउजेडाचा इशारा चालू असेल, तर जरीचा काठ, माथ्यावरचा दागिना किंवा नाकातला खडा लुकलुकला तरी चालेल. कपाळ, नाक किंवा गाल लुकलुकला तर चालणार नाही. कपाळ लुकलुकतंय तोवर आयएसओ एकेक खटका खाली आणा, आणि लुकलुकणं थांबलं की तिथेच थांबा. उजेडाचा आलेख, म्हणजे हिस्टोग्राम, सगळा डावीकडे साचलेला दिसेल. तो तसाच हवा, कारण मंच काळाच आहे. पुस्तकात शिकलेला मधोमध डोंगर इथे शोधू नका.

आयएसओची भीती घालवायला हवी. नवखे लोक कण दिसतील म्हणून आयएसओ ८०० वर अडून बसतात, शटर १/६० वर आणतात, किंवा फोटो काळा काढून घरी उजळवतात. काळा फोटो नंतर उजळला तरी कण तेवढेच येतात, कारण आत आलेला प्रकाशच कमी असतो. आणि १/६० वर पुसलेला हात कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. कण पत्करा, धूसर हात पत्करू नका.

छिद्र जवळपास पूर्ण उघडं ठेवल्याने खोली कमी पडेल, हीही भीती अवाजवी. क्रॉप सेन्सरवर ८५ एमएम, एफ २ आणि दहा मीटर, या जुळणीत पुढेमागे मिळून एक मीटरभर भाग धारदार राहतो. पुढे केलेला हात आणि चेहरा दोन्ही त्यात येतात. मात्र मोठ्या सेन्सरवर २०० एमएमची लेन्स एफ २.८ वर वापरलीत, तर तीच खोली चाळीस सेंटीमीटरच्या आसपास उरते. तिथे फोकस डोळ्यावरच हवा.

कॅमेऱ्यासोबत आलेली झूम लेन्स असेल तर? ती लांबच्या टोकाला बहुधा एफ ५.६ वर येते, म्हणजे एफ २ च्या आठपट कमी प्रकाश. आमच्या १६०० च्या जागी १२,८०० लागतील. अशा वेळी चक्कर सोडून द्या आणि फक्त संथ थाट, अभिनय आणि समेचे क्षण १/१२५ वर घ्या. कमी फोटो मिळतील, पण ते ठेवण्यासारखे असतील.

सावधान, रंगीत दिवे: गडद लाल किंवा निळा झोत आला की एकच रंग ओसंडतो. एकूण उजेडाचा आलेख ठीक दिसतो, पण लालचा वेगळा आलेख उजव्या भिंतीला टेकलेला असतो आणि चेहऱ्यावर रंगाचा सपाट लेप येतो. तीन रंगांचा आलेख बघा आणि तीन खटके खाली या. पांढरा प्रकाश परत येणार हे यादीवरून माहीत असेल, तर सरळ हात खाली ठेवून नाच बघा.

पांढऱ्या रंगाचा तोल ऑटोवर नको, कारण एकाच रचनेचे दोन फोटो दोन रंगांचे येतात. पिवळे हॅलोजन दिवे असतील तर ३२०० केल्विन, मिश्र एलईडी असतील तर ४००० वर बांधून ठेवा. रॉ असल्याने बाकी घरी जमतं.

## टप्पा ५: एलईडीचे पट्टे आणि शटरचा आवाज

नवीन कॅमेऱ्यांत मूक शटर असतं आणि सभागृहात तेच वापरावं असं प्रत्येकाला वाटतं. अडचण अशी की ते सेन्सर ओळीओळीने वाचतं. मंचावरचे एलईडी दिवे डोळ्याला स्थिर दिसले तरी बरेचदा लुकलुकत असतात, आणि त्या ओळींवर आडवे काळे-उजळ पट्टे उमटतात. शिवाय वेगाने फिरणारा हात वाकडा दिसतो.

तपासणी: वंदनेत मूक शटरवर पाच फ्रेम घ्या आणि व्ह्यूफाइंडरमध्ये मंचामागच्या पडद्याचा भाग मोठा करून पाहा. पट्टे दिसले तर यांत्रिक शटरवर जा. एवढ्याने पट्टे गेले नाहीत तर लुकलुक टाळण्याची सोय चालू करा, किंवा थाटासारख्या संथ भागात १/१०० वर या. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. तिच्या तालावर लुकलुकणारे दिवे सेकंदाला शंभरदा कमीजास्त होतात, म्हणून १/१०० मध्ये पूर्ण एक फेरी बसते. काही एलईडी स्वतःच्या वेगळ्या गतीने लुकलुकतात. त्यांच्यापुढे हा उपाय चालत नाही. मग शटर एकेक खटका बदलून कुठे पट्टे सर्वांत फिके पडतात ते शोधावं लागतं.

यांत्रिक शटर वाजतं, हे खरं. पण तबला, घुंगरू आणि पढंत चालू असताना तो आवाज बुडून जातो, आणि समेला तर टाळ्याच पडतात. जिथे बुडत नाही ती जागा म्हणजे अभिनय. ठुमरीत गायक थांबला आहे, नर्तिका फक्त पापणी उचलते आहे, आणि तुमचा कॅमेरा खाड खाड. तिथे एकच फ्रेम घ्या, तीही गाण्याचा शब्द चालू असताना. शेजारच्या आजी वळून बघतात ते उगीच नाही.

## टप्पा ६: समेआधी शटर दाबणे

इथे लेखाचा अर्धा जीव आहे.

कथकमध्ये नर्तिका सतत फिरत असते असं वाटतं, पण ती ठरलेल्या जागी थांबते. ती जागा म्हणजे सम, तालाची पहिली मात्रा. तीनतालात सोळा मात्रा झाल्या की सम येते. तोडा, तुकडा, परण या रचना समेवर येऊन संपतात आणि त्या मात्रेवर हात, मान, नजर एकाच वेळी ठरतात. तो क्षण चित्रासाठीच घडवलेला असतो. तो येणार आहे याची सूचनाही मिळते: तिहाई. एकच बोलसमूह तीन वेळा, आणि तिसऱ्याचं शेवटचं अक्षर समेवर. "तिगदा दिगदिग थेई, तिगदा दिगदिग थेई, तिगदा दिगदिग थेई." तिसरा थेई म्हणजे सम.

आता चूक कुठे होते ते पाहा. सम ऐकू आली की लोक शटर दाबतात. ऐकून बोट हलायला साधारण एकपंचमांश सेकंद जातो. द्रुत लयीत मिनिटाला २४० मात्रा असतील, तर एक मात्रा पाव सेकंदाची होते. म्हणजे तुमचा फोटो जवळजवळ पूर्ण मात्रा उशिरा. तोवर मान सैल पडलेली असते आणि चेहऱ्यावर टाळ्या घेण्याचं हसू आलेलं असतं. छान हसू असतं, पण पोझ गेलेली असते.

म्हणून असं करा. पहिल्या बोलसमूहात बोल ओळखा. दुसऱ्यात चौकट लावा आणि फोकस धरा. तिसऱ्यातल्या "दिगदिग"वर सलग शटर सुरू करा आणि समेनंतर एक श्वासभर चालू ठेवा. चार ते सहा फ्रेम पुरतात. तिहाईच्या सुरुवातीपासून बोट दाबून ठेवलंत तर कॅमेरा समेआधीच अडकेल. टप्पा ३ मधली मोजणी आठवा.

सावधान, चक्करदार: चक्करदार रचनेत अख्खा तुकडाच तीनदा येतो आणि प्रत्येकाच्या शेवटी स्वतःची तिहाई असते. म्हणजे शेवट वाटावा असे थेई किंवा धा नऊ. तिसऱ्यालाच फोटो घेऊन कॅमेरा खाली ठेवणारे मी दर कार्यक्रमात पाहतो. मीही ठेवला आहे. यावर उपाय नर्तिकाच देते: नाचण्याआधी ती माइकवर पढंत करते. त्या वेळी फोटो काढायचा मोह आवरा, बोटांवर मोजा आणि शेवट कसा आहे ते कानात ठेवा. मिनिटभरात तेच पायांनी येणार आहे.

लयीप्रमाणे शटर बदलतं, तेही कानानेच ठरवा. विलंबित थाटात भुवई, मनगट, मान एवढंच हलतं. तिथे १/१२५ पुरतं. मध्य लयीतल्या तुकड्यांना १/३२०. चक्करांसाठी १/६४०, आणि त्यासाठी आयएसओ दुप्पट. का, ते एका हिशेबात कळतं: नर्तिका सेकंदाला दोन फेऱ्या घेत असेल आणि हात अंगापासून साठ सेंटीमीटरवर असेल, तर बोटं सेकंदाला साडेसात मीटर वेगाने जातात. १/१२५ मध्ये ती सहा सेंटीमीटर सरकतात, म्हणजे अख्खी मुद्रा पुसली जाते. १/६४० मध्ये सव्वा सेंटीमीटरच्या आत राहतात.

चक्करांत आणखी एक आधार आहे. अंग फिरतं, पण मान शेवटी वळते आणि झटक्यात पुन्हा समोर येते. प्रत्येक फेरीत एक क्षण चेहरा प्रेक्षकांसमोर जवळपास स्थिर असतो आणि घेर पूर्ण पसरलेला असतो. फेऱ्यांची लय दोन-तीनदा डोक्यात मोजा आणि त्या ठेक्यावर दाबा.

## टप्पा ७: फोकस

एकच बिंदू, सतत फोकस, आणि फोकस शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणावर. चेहरा ओळखण्याची सोय असेल तर अभिनयात ती उत्तम चालते. चक्करांत चेहरा दर अर्ध्या सेकंदाला गायब होतो आणि कॅमेरा तबलजींचा चेहरा पकडतो. म्हणून चक्कर सुरू होण्याआधी छातीवरच्या दागिन्यावर किंवा जरीच्या काठावर फोकस धरा आणि अंगठा सोडून द्या. चक्कर एकाच जागी होतात आणि मीटरभर खोली हातात आहेच. काळ्या केसांवर किंवा सपाट रंगाच्या कापडावर बिंदू ठेवलात, तर लेन्स पुढेमागे शोधत बसते.

कोपरं बरगड्यांना टेकवा. एकपायी स्टँड गुडघ्यांमध्ये धरता येतो, तीनपायी मात्र वाटेत लावू नका.

दोष कसा ओळखायचा: चौकट मोठी करून पाहा. मागचा पडदा धारदार आणि हात धूसर असेल, तर शटर संथ आहे. लेन्सचं स्थिरीकरण तुमचा हात थांबवतं, नर्तिकेचा नाही. सगळंच एका दिशेला पुसलेलं असेल, तर कॅमेरा हलला. दुसरंच काही धारदार असेल, उदाहरणार्थ माइक किंवा तबल्याची वादी, तर फोकस चुकला. तीन दोष, तीन उपाय. भलताच उपाय केला की संध्याकाळ जाते.

## एक संध्याकाळ, आकड्यांसकट

शालिमारजवळ कालिदासात एका ओळखीच्या मुलीचं एकल नृत्य होतं. सहावी रांग, वाटेलगतची खुर्ची, साथीदारांच्याच बाजूची.

वंदना: एफ २, १/३२०, आयएसओ १६००. कपाळ लुकलुकलं, म्हणून दोन खटके खाली. मूक शटरवर फिकट पट्टे दिसले, यांत्रिकवर आलो, पट्टे गेले.

थाट: शटर १/१२५, आयएसओ त्या मानाने आणखी खाली. तिने मनगट फिरवून थांबल्यावर एकेक फ्रेम. वीसेक फोटो, बहुतेक ठेवण्यासारखे. विलंबित लयीत घाई कसलीच नसते.

तुकडे आणि परण: पुन्हा १/३२०. पहिल्या दोन तिहाया हुकल्या, कारण नाच बघण्यात गुंगलो. तिसरीपासून पढंत मोजायला लागलो.

चक्करदार: १/६४०, आयएसओ दुप्पट. नवव्यावर सहा फ्रेम, त्यातल्या चौथ्यात घेर अजून हवेत आणि हात ठरलेले. त्या रात्रीचा तो फोटो.

अभिनय: प्रकाश सुरुवातीच्या चौथाईवर आला. १/१६० आणि आयएसओ २०००, म्हणजे अर्धी भरपाई शटरने, अर्धी आयएसओने. गाण्याच्या शब्दावर एकेक फ्रेम, सगळे मिळून नऊ.

तत्कार: पावलांचा स्थिर फोटो मी घेत नाही. १/५०० वर पाय नुसता उभा दिसतो, नाचतो आहे हे कळतच नाही. १/६० वर घुंगरांची हालचाल उमटते आणि मागचा मंच जागेवर राहतो. हा माझा हट्ट आहे. तुम्ही दोन्ही करून पाहा.

फोनवर काढणाऱ्यांसाठी थोडक्यात: रात्रीचा मोड बंद ठेवा, कारण तो बराच वेळ प्रकाश गोळा करतो आणि नर्तिकेचं भूत होतं. चेहऱ्यावर बोट दाबून उजेड बांधा आणि खाली ओढा. झूम करू नका. मंद उजेडात बरेच फोन लांबची लेन्स सोडून मुख्य लेन्सचंच चित्र कापून मोठं करतात. आणि पडद्याची चमक तळाला न्या.

## टप्पा ८: निवड आणि सुपूर्दगी

त्या रात्रीचे चारशेच्या आसपास फोटो निघाले. मी साठ निवडले आणि ताईंकडे घेऊन गेलो. त्यांनी अकरा ठेवले. मला धारदार वाटलेला एक त्यांनी सगळ्यात आधी बाजूला काढला, कारण मधलं बोट मुद्रेत पूर्ण पोहोचलंच नव्हतं. दुसऱ्यात नजर हाताकडे जायला हवी होती, ती प्रेक्षकांत गेलेली. तेव्हापासून मी निवडीचा क्रम बदलला. आधी मुद्रा, मग नजर, मग पावलं, आणि धारदारपणा शेवटी. घोट्यावर कापलेली चौकट बाद. कापायचंच असेल तर मांडीच्या मधे किंवा कमरेवर कापा.

उजळवताना चेहरा बघून थांबा, पडदा बघून नाही. पडदा काळाच राहू द्या.

मंचावर लहान विद्यार्थिनी असतील, तर फोटो आधी ताईंकडे द्या. पालकांचा होकार आल्याशिवाय एकही फोटो कुठे टाकू नका, आणि क्लासच्या ग्रुपवर पाठवायचे झाले तर मूळ फाइलची लिंक द्या. नाहीतर ग्रुपवर दाबलेलं चित्र जातं आणि महिन्याभराने कुणाची तरी आई फ्रेम करायला मोठी फाइल मागायला येते.